कप सोडायचं काम

"फोडायचाच हाय तर चांगला कशाला फोडायचा गं? कान तुटलेला असंल तर आण."

मावशी दाराशी उभ्या राहून गावातल्या एका बाईला हे अगदी हळू सांगत होत्या, कारण आत सर होते आणि सरांना धडधाकट कपच हवे होते. बाईच्या हातात पिशवी होती. पिशवीतून एक नवा, निळ्या फुलांचा कप डोकावत होता. बाईने तो पिशवीत आणखी खाली दाबला आणि म्हणाली, "मग हा नेते परत. लग्नातला हाय."

मी आत कॉम्प्युटरपुढे बसून ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखी दिसत होते. हे मला शाळेपासून चांगलं जमतं.

आम्ही कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीत बसायचो. गिरणीची यंत्रं कधीच विकली गेली होती, पण भिंतींना कोंड्याचा वास होता आणि कोपरा झाडला की अजूनही भुसा निघायचा. तिथे दिवसभर वस्तू फोडायच्या, सांडायच्या, पाडायच्या आणि त्याचं शूटिंग करायचं, हे आमचं काम होतं. सर मालक आणि कॅमेरामन. मावशी शेजारच्या गावातल्या, त्या वस्तू हातातून सोडायच्या. मी प्रत्येक व्हिडिओखाली इंग्रजीत लिहायचे: चिनी मातीचा कप, आत चहा, कमरेच्या उंचीवरून, सिमेंटच्या जमिनीवर. मला घेतलं होतं ते इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे. सर मला "मॅडम" म्हणायचे. त्यात आदर नव्हता, पण टोमणाही पूर्ण नव्हता.

घरी हे समजावणं अवघड होतं. बाबा शेजाऱ्यांना "डेटाचं काम" सांगायचे आणि विषय बदलायचे. एकदा आत्या आली आणि थेट मलाच म्हणाली, "डेटाचं म्हणजे नेमकं काय करतेस गं तू?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "फोडते."

खरं कारण इतकं विचित्र नव्हतं. बेंगळुरूची एक कंपनी कॉम्प्युटरला आपलं आपण व्हिडिओ बनवायला शिकवत होती. ते यंत्र माणसं छान बनवायचं, समुद्र बनवायचं, वाऱ्यावर उडणारी ओढणीसुद्धा बनवायचं, पण त्याला फुटणं जमत नव्हतं. कंपनीने आम्हाला नमुना म्हणून त्याचा एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात पाण्याने भरलेला काचेचा ग्लास टेबलावरून पडतो आणि जमिनीला लागताच तुपासारखा पसरतो. तुकडे होतात, पण ते एकमेकांत मिसळतात, कडा पुसल्या जातात, एक तुकडा तर चालत चालत पाण्यात जाऊन पाणीच होतो. सांडलेलं पाणी थोडं पसरतं आणि मग लाजल्यासारखं मागे जातं.

मावशींनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला.

"म्हंजे ह्या यंत्राला फोडाय शिकवायचं?" त्या म्हणाल्या.

"हो. खरं कसं फुटतं ते हजारो वेळा दाखवायचं. मग त्याला कळेल."

"माज्या नातवाला पाठवा की तिकडं. एका दिसात शिकवील."

कंपनीची अट साधी होती. व्हिडिओ संथ गतीचा हवा, म्हणजे प्रत्येक तुकडा कुठून सुटला, कसा फिरला, कुठे जाऊन थांबला हे दिसलं पाहिजे. द्रव सांडला तर तो पसरून पूर्ण थांबेपर्यंत शूटिंग चालू राहिलं पाहिजे. वस्तू माणसाच्या हातातूनच सुटली पाहिजे. आणि काही खोटं नको.

ही शेवटची अट वाचून सर हसले होते. "कप फोडण्यात खोटं काय असणार मॅडम? आपण काय सिनेमा करतोय?"

अडचण पहिल्याच दिवशी आली, आणि ती कॅमेऱ्याची नव्हती. मावशींना कप सोडता येत नव्हता. म्हणजे त्या सोडायच्या, पण तो गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांचा दुसरा हात खाली जाऊन त्याला झेलायचा. त्यांनाही ते कळायचं नाही. कप झेलल्यावर त्या त्याच्याकडे असं बघायच्या, जणू तो त्यांच्या हातात कुणीतरी आणून ठेवलाय.

"मावशी, पडू द्या," सर म्हणायचे.

"पडू देतेच हाय की."

"मग झेलता कशाला?"

"मी नाय झेलत. हात जातो."

मावशींनी बरीच वर्षं नदीकाठच्या एका मोठ्या फार्महाऊसवर, त्यांच्या भाषेत बंगल्यावर, भांडी आणि स्वयंपाक केला होता. मुंबईहून शनिवार-रविवारी पाहुणे यायचे, रात्रभर गोंधळ घालायचे, आणि सोमवारी जे काही फुटलेलं सापडेल ते मावशींच्या पगारातून कापलं जायचं. कुणी फोडलं हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. त्यामुळे त्या हाताला एकच गोष्ट शिकवली गेली होती, आणि ती इतकी पक्की शिकवली गेली होती की आता तो कुणाचंही ऐकत नव्हता. या गिरणीतलं काम त्यांना आवडण्याचं कारणही तेच होतं. "इथं फुटलं की शाब्बास म्हणत्यात," त्यांनी एकदा कप आणणाऱ्या त्या बाईला सांगितलं होतं. "असं बी असतंय बघ जगात."

सरांनी उपाय काढले. दुसऱ्या हातात दुसरा कप दिला, तर त्यांनी दोन्ही धरून ठेवले. डोळे मिटायला सांगितले, तर डोळे मिटून झेलला. हात पदराला बांधला, तेव्हा त्या संकोचल्या आणि म्हणाल्या, "कुणी बघितलं तर काय म्हंतील?" शेवटी युक्ती त्यांनाच सापडली. कप हातात घ्यायच्या, त्याच्याकडे थोडा वेळ रागाने बघायच्या, ओठांत काहीतरी पुटपुटायच्या आणि सोडून द्यायच्या. तो फुटायचा. मी एकदा जवळ असताना पुटपुटणं ऐकलं. "हा बंगल्यावरचा."

त्यानंतर पोछ्याची अडचण. चहा सांडला की कॅमेरा चालू असतानाच मावशी फडकं घेऊन खाली बसायच्या. कंपनीला चहाचा ओघळ कुठे जातो, फरशीच्या भेगेत कसा शिरतो, कडेला जाड होऊन कसा थांबतो हे हवं होतं, आणि आमच्या प्रत्येक व्हिडिओत तो ओघळ अर्ध्यावर आला की उजवीकडून एक फडकं यायचं. मी त्याखाली प्रामाणिकपणे लिहायचे: द्रव डावीकडे पसरतो, मग कापडात शोषला जातो. पुढे सरांनी सगळी फडकी स्कूटरच्या डिकीत बंद करून ठेवली.

आणि आवाज. काहीही फुटलं की दाराशी उभे असलेले दोन-चार जण एका सुरात म्हणायचे, "जाऊ दे, पीडा गेली." घरी काच फुटली की म्हणतात तसंच. ते प्रत्येक व्हिडिओत येत होतं. कंपनीने विचारलं की हे शब्द काय आहेत आणि ते सगळीकडे सारखेच कसे. मी इंग्रजीत कळवलं की स्थानिक लोक अशा वेळी शुभेच्छा देतात. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन बसायचे. ते मला म्हणाले, "पोरी, ह्या हिशेबानं तालुक्यात आता पीडाच उरायची नाय."

दुधावरून मात्र मावशी अडून बसल्या. दूध ओतायचं म्हणजे ओतायचं? जमिनीवर? त्या आत गेल्या आणि पातेलंभर पांढरं पाणी घेऊन आल्या. तांदळाचं धुवण होतं ते. लांबून दिसायला दूधच. सरांना फरक कळला नाही, किंवा कळून त्यांनी दुर्लक्ष केलं. मी "दूध" लिहिलं. कंपनीचा प्रश्न आला: हे दूध फार पातळ वाहतंय, आरपार तळ दिसतोय, हे नेहमीचं आहे का? सरांनी मला उत्तर लिहायला लावलं: होय, आमच्याकडे असंच मिळतं.

ते वाचून कुणाला हसू आलं असेल का, याचा मी बराच विचार केला होता.

पहिली मोठी खेप गेली आणि उत्तर आलं. सरांना इंग्रजी वाचता यायचं, पण वाईट बातमी असली की ते माझ्याकडून वाचून घ्यायचे. मी वाचलं. तुकडे स्पष्ट नाहीत. हवेत असताना ते फासल्यासारखे दिसतात, मध्येच विरघळतात, पुन्हा दिसतात. असे व्हिडिओ वापरता येणार नाहीत. पुढचा नमुना बघून काम चालू ठेवायचं की नाही ते ठरवू.

"फासल्यासारखे म्हणजे?" सर म्हणाले. "ते काय लोणी आहे फासायला? काच आहे काच."

"त्यांनी तसं लिहिलंय, सर."

ते उठून फेऱ्या मारायला लागले. त्यांनी आधी कपांना दोष दिला. स्वस्तातले आहेत, भुसभुशीत फुटतात. मग जमिनीला. मग थांबले आणि दाराकडे बघितलं. मावशी बाहेर तुकडे सुपात गोळा करत होत्या, आणि त्यातले मोठे तुकडे वेगळे काढत होत्या, कुंड्यांच्या तळाला घालायला.

"हात तिरका आहे त्यांचा," सर म्हणाले. "सोडताना झटका देतात. रागाने सोडतात ना. त्यामुळे तुकडे फासतात."

त्याला काही अर्थ नव्हता. पण सर इतक्या खात्रीने बोलले की मीसुद्धा क्षणभर मावशींच्या हाताकडे बघितलं.

"माझा मेव्हणा आहे," ते पुढे म्हणाले. "त्याच्या हातात घरात काही टिकत नाही. बायको ओरडते सारखी. नैसर्गिक पडतं त्याच्याकडून. परवा कंपनीची बाई व्हिडिओ कॉलवर बघणार आहे, त्यांना सांगून टाकू की माणूस बदललाय."

मावशींनी हे ऐकलं. गिरणीला छत पत्र्याचं आहे, तिथे काही लपत नाही. त्या सूप घेऊन आत आल्या आणि मला म्हणाल्या, सरांना नाही, "म्हंजे मी पुन्यांदा बंगल्यावर जायाचं."

मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मलाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी सर गेल्यावर मी कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. माझ्याकडे नेहमी सरांनी तयार केलेले व्हिडिओ यायचे. मूळ शूटिंग मी कधी पाहिलं नव्हतं. मी एकच कप घेतला आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले.

मूळ शूटिंगमध्ये कप पडत होता पटकन, नेहमीच्या वेगाने. एका फ्रेममध्ये तो अख्खा, पुढच्या फ्रेममध्ये तुकडे बरेच लांब. तुकड्यांना बारीक शेपट्या होत्या, कारण फ्रेम उघडी असतानाच ते पुढे सरकत होते. पण मध्ये काही नव्हतं. एक फ्रेम, मग पुढची. सरांच्या तयार व्हिडिओत मात्र त्या दोन फ्रेमांच्या मध्ये पुष्कळ नव्या फ्रेमा होत्या. त्या कॅमेऱ्याने घेतलेल्याच नव्हत्या. नेहमीच्या वेगाचं शूटिंग ताणून संथ करणारं सॉफ्टवेअर सर वापरत होते, आणि ते मधल्या फ्रेमा अंदाजाने बनवत होतं. आधीच्या फ्रेममध्ये तुकडा इथे, नंतरच्या फ्रेममध्ये तिथे, मग मध्ये तो कुठेतरी असेल. पण शंभर तुकड्यांतला इथला कोणता आणि तिथला कोणता, हे त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला कसं कळणार? ते एका तुकड्याला पुसत होतं आणि दुसऱ्याला उगवत होतं. म्हणून फासलेले.

मी दोन्ही व्हिडिओ पुन्हा एकदा सुरुवातीपासून सरकवले. मग मला हसू आलं, एकटीलाच, त्या भुशाच्या वासात. कॉम्प्युटरला फुटणं जमत नाही म्हणून त्याला शिकवायला खरं फुटणं पाठवायचं होतं, आणि आम्ही त्याला दुसऱ्या कॉम्प्युटरने अंदाजाने बनवलेलं फुटणं पाठवत होतो. खरे कप फोडून.

सर लबाड नव्हते, हे मला सांगायलाच हवं. ते वर्षानुवर्षं लग्नाचे व्हिडिओ करायचे. नवरीचे केस, फुलांच्या पाकळ्या, नवऱ्याच्या मित्रांचा नाच, सगळं याच सॉफ्टवेअरने ताणून संथ करायचे, आणि कर्जत-नेरळ भागातल्या कित्येक घरांमध्ये ते व्हिडिओ बघून बायका रडल्या आहेत. अक्षता पडताना त्यातल्या काही हवेत विरघळत असतील, पण अक्षता कोण मोजतं? संथ म्हणजे असंच, हे त्यांना मनापासून वाटत होतं. कॅमेऱ्यात खरी संथ गती घ्यायची सोय होती. पण त्यात फ्रेमा फार भराभर घ्याव्या लागतात, प्रत्येकीला उजेड मिळायला वेळ उरत नाही आणि चित्र काळोखं होतं. शिवाय त्यांचे लग्नातले लाइट त्या वेगात लुकलुकताना दिसायचे, चित्रावर पट्टे सरकायचे. एकदा करून बघितलं आणि काळोखं आलं म्हणून त्यांनी ती सोय कायमची बंद केली. लग्नात सगळं चालतं, काळोखी नवरी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सर कप आणायला खोपोलीला गेले. मी मावशींना म्हटलं, "अंगणात येता का जरा? कप घेऊन."

"चांगला का कान तुटलेला?"

"कोणताही."

गिरणीच्या मागे भात वाळवायचं सिमेंटचं अंगण आहे. दुपारचं ऊन इतकं होतं की बघवत नव्हतं. म्हणजे नेमकं हवं तसं. ऊन लुकलुकत नाही, आणि ते कितीही वापरा. मी कॅमेरा खऱ्या संथ गतीवर ठेवला, प्रत्येक फ्रेम अगदी थोडा वेळ उघडेल असं केलं, म्हणजे तुकडा शेपूट काढायच्या आत टिपला जाईल. मागे मावशींचं काळं घोंगडं दोरीवर टाकलं. त्यांनी कपात चहा ओतला, कपाकडे रागाने बघितलं, आणि सोडला.

मग आम्ही दोघी कॅमेऱ्यावर डोक्यावरून पदर आणि ओढणी घेऊन बघायला बसलो, कारण उन्हात पडदा दिसत नव्हता.

कप आला. सावकाश. जमिनीला टेकला, आणि पुढच्याच फ्रेममध्ये त्याच्यावर सगळीकडे तडे होते. तडा कसा जातो ते या कॅमेऱ्यालाही दिसलं नाही, इतका तो झटपट. पण त्यानंतरचं सगळं दिसलं. कप फुटला होता, आणि आतला चहा अजून कपाच्याच आकारात उभा होता. कुणीतरी त्याला सांगायचं राहिलं होतं. मग तो तळातून फाकला, पातळ पडद्यासारखा बाहेर आला, पडद्याच्या कडेला दोरे सुटले आणि दोऱ्यांचे थेंब झाले. तुकडे त्यातून वर आले. प्रत्येकाला कड होती. एक तुकडा स्वतःभोवती फिरत होता आणि दर फेरीला त्याच्यावरचं फूल एकदा दिसत होतं. कान अख्खाच निघाला, जमिनीवर दोन उड्या मारल्या आणि आडवा झाला. शेवटी फक्त चहा सरकत होता, सिमेंटच्या उताराने, कडेला जाड होत. मग तोही थांबला.

मावशींनी मला व्हिडिओ परत एकदा लावायला लावला.

"किती येळ लागतो गं त्याला," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं एकदम जातंय सगळं."

मी त्यांना सॉफ्टवेअरचं सांगितलं, जमेल तेवढं. तुमचा हात तिरका नाही, तुकडे नंतर कॉम्प्युटरमध्ये फासतात.

"मग सांग की त्याला."

"सांगते."

मी खरंच सांगणार होते. सर आले तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, एक मिनिट." ते म्हणाले, "बोल मॅडम," आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या हातात खोपोलीहून आणलेल्या कपांचं खोकं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी होती की मला वाक्याची सुरुवात सापडली नाही. मी म्हटलं, "खोकं धरू का?" मनात मी वाक्य इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत, मग दोन्हीत चूक काढली. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मला उत्तर यायचं आणि हात वर जायचा नाही. मावशींचा हात नको तेव्हा जातो, माझा हवा तेव्हा जात नाही. आम्ही दोघी मिळून एक बरा माणूस झालो असतो.

कॉलच्या दिवशी मेव्हणा आला. गोरटेला, हसरा, कुणाचं मन मोडणार नाही असा. आल्या आल्या तो सरांना पाणी द्यायला गेला आणि पाण्याचा ग्लास खरोखरच त्याच्या हातून पडला. ग्लास पडून उडी मारून टेबलाखाली गेला आणि फुटला नाही, कारण तो टपरीवरचा जाड कटिंगचा ग्लास होता.

"बघितलंत?" सर अभिमानाने म्हणाले. "नैसर्गिक."

लॅपटॉपच्या चार्जरची पिन सैल होती. बॅटरी केव्हाच गेली होती, त्यामुळे पिन एका विशिष्ट कोनात दाबून धरली तरच लॅपटॉप चालू राहायचा. ते काम माझं होतं. मी टेबलाखाली बसले, पिन धरून. तिथून मला सरांच्या चपला, मावशींच्या साडीचा काठ आणि तो न फुटलेला ग्लास दिसत होता. वरून कंपनीच्या बाईंचा आवाज येत होता. हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत होत्या, शांतपणे. तुकड्यांचं काय झालं, त्यांनी विचारलं.

सरांनी सांगितलं की अडचण सापडली आहे. जी बाई वस्तू सोडत होती तिचा हात बरोबर नव्हता. आजपासून माणूस बदलला आहे.

"हात?" बाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नसावं. "मला दाखवा. आत्ता, कॅमेऱ्यासमोर. आधी त्यांना सोडू द्या, मग नव्या माणसाला."

मावशींना पुढे बोलावलं. मला त्यांची पावलं दिसली, एकमेकांना चिकटून उभी. सरांनी त्यांच्या हातात खोपोलीचा नवा, पांढरा, धडधाकट कप दिला असणार. दाराशी उभे असलेले लोक पीडा जाण्याची वाट बघत होते. मी पुटपुटण्याची वाट बघत होते. पण ते आलं नाही. बहुधा त्यांना त्या दिवशी राग येत नव्हता, फक्त भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्या हाताला एकच काम येत होतं.

मला कप पडताना दिसला. टेबलाच्या कडेखाली आला, आणि त्याच्या मागोमाग मावशींचा हात आला आणि त्याने तो अलगद झेलला.

कुणीतरी हसलं. मेव्हणा, बहुतेक. "अरे वा," तो म्हणाला, मनापासून.

"बघा," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोठा होत गेला. "हेच. हेच सांगतोय मी. या हातामुळेच सगळं फासलंय. मावशी, तुम्ही निघा आता. उद्यापासून नका येऊ."

साडीचा काठ हलला नाही. कप अजून त्यांच्या हातात होता, माझ्या डोळ्यांच्या अगदी समोर, दोन्ही तळव्यांत धरलेला. बाई स्क्रीनवरून विचारत होत्या की मूळ फाइल्स पाठवता येतील का, आणि सर म्हणत होते की या मूळच आहेत, मॅडम, याहून मूळ काही नसतं.

माझा हात पिनवर होता. तो काढला तर कॉल तुटला असता, आणि मला पुन्हा गप्प बसायला एक उत्तम कारण मिळालं असतं. मी पिन आणखी घट्ट दाबली, टेबलाखालून डोकं जमेल तेवढं बाहेर काढलं, आणि माझ्या ओळखीच्या नसलेल्या आवाजात मराठीतच म्हणाले, "सर, त्या मूळ नाहीत. मधल्या फ्रेमा सॉफ्टवेअर अंदाजाने बनवतं, आणि तुकडे तिथे फासतात. मावशींच्या हातात काही चूक नाही. खरं शूटिंग मी काल अंगणात केलंय, उन्हात, कार्डवर आहे. यांना तेच दाखवू, आणि मग सगळे बाहेर चला, आत्ताच शूट करून कार्ड आत आणून दाखवू. मेव्हणेसाहेब, तुम्ही ही पिन धरा, आणि काही झालं तरी सोडू नका. मावशी, तुम्ही तो कप घेऊन या. या वेळी झेलू नका."